क्रेनियल नर्व्हचा तक्ता: काम, तपासणी आणि इजेची जागा एकाच ओळीत

वॉर्डात क्लिनिक्स सुरू झाली की क्रेनियल नर्व्हच्या नोट्सना साधारण एकच रूप येतं. प्रत्येक नर्व्हला एक पान, त्यावर उगम, मार्ग, शाखा, मग तपासणी, आणि तळाशी आजारांची लांबलचक यादी. मजकुरात चूक काही नसते. पण उजवी पापणी उतरलेला रुग्ण समोर बसला की बारांपैकी कोणतं पान उघडायचं, हे त्या वहीतून कळत नाही. कारण ती नर्व्हच्या नावाने लावलेली असते आणि रुग्ण तक्रार घेऊन येतो.

चार रकान्यांचा तक्ता ही अडचण दूर करतो: नर्व्ह, काम, बेडसाइड तपासणी, इजेची कारणं. मात्र रकाने एकमेकांना बांधलेले असले तरच. कामाच्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर तिची तपासणी हवी आणि कारणांच्या रकान्यात आजाराच्या नावाआधी जागा हवी. तसा तक्ता कसा भरायचा ते इथे सातव्या नर्व्हवर सविस्तर दाखवतो. तिच्यात स्नायू, चव, अश्रू आणि ऐकणं असं सगळं एकत्र येतं. ती ओळ नीट जमली की बाकीच्या अकरा जड जात नाहीत.

कागद आणि क्रम

ए-फोर कागद आडवा धरा. एका कागदावर पहिल्या सहा नर्व्ह, दुसऱ्यावर उरलेल्या सहा. नर्व्हच्या नावाचा रकाना अगदी अरुंद ठेवा, दोन बोटं पुरे. सर्वांत रुंद रकाना तपासणीचा.

भरताना एक नर्व्ह संपवून दुसरी घेऊ नका. आधी बाराही नर्व्हचा कामाचा रकाना वरून खाली भरून काढा. मग तपासणीचा, आणि कारणं सगळ्यांत शेवटी. असं भरलं की तपासणी कामातूनच निघते. एखाद्या कामासमोर लिहायला काही सुचलं नाही, तर ती रिकामी जागा तिथल्या तिथे दिसते. उलट एकेक नर्व्ह आडवी भरत गेलं की हात पुस्तकातला परिच्छेद उतरवायला लागतो आणि राहिलेलं काहीच लक्षात येत नाही.

पायरी पहिली: काम तीन प्रश्नांत मोडा

प्रत्येक नर्व्हला तेच तीन प्रश्न विचारा. काय हलवते? काय जाणवून देते? काय पाझरवते किंवा आकुंचित करते? तिसरा प्रश्न पॅरासिंपथेटिक तंतूंचा आहे. तो फक्त तिसऱ्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या नर्व्हला लागू होतो. नोट्समध्ये सगळ्यात जास्त गळतो तो हाच प्रश्न, आणि तिसऱ्या नर्व्हच्या बाबतीत रुग्णाचा जीव त्याच्यावर अवलंबून असू शकतो. ते पुढे येईलच.

सातवी नर्व्ह काय हलवते? चेहऱ्यावरचे हावभावाचे सगळे स्नायू, आणि मधल्या कानातला स्टेपीडियस हा चिमुकला स्नायू. मोठ्या आवाजाचा धक्का तो कमी करतो. काय जाणवून देते? जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव. काय पाझरवते? अश्रू, आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या ग्रंथींची लाळ. पॅरोटिड ग्रंथीची लाळ तिच्याकडे नाही, ती नवव्या नर्व्हकडे आहे. सातवी नर्व्ह पॅरोटिडच्या आतून जाते, पण तिला काही पुरवत नाही.

पापणीचा घोळही इथेच मिटवून टाका. डोळा मिटते सातवी नर्व्ह, पापणी उचलते तिसरी. डोळा मिटत नसेल तर सातवीची ओळ बघायची, पापणी उतरली असेल तर तिसरीची. हे वाक्य दोन्ही ओळींत लिहा.

पायरी दुसरी: तपासणी रुग्णाला सांगायच्या शब्दांत लिहा

'फेशियल मसल्स टेस्ट करा' असं लिहून ठेवलं तर रुग्णासमोर शब्द फुटत नाहीत. रकान्यात आपण रुग्णाला जे म्हणणार तेच मराठीत लिहा. त्यापुढे बिघडल्यावर काय दिसतं ते लिहा. आणि त्यापुढे बाजू: इजा उजवीकडे असेल तर खूण कुठे दिसेल.

सातवीची ओळ अशी दिसेल:

| काम | काय सांगायचं, काय करायचं | बिघडल्यावर (इजा उजवीकडे) |
|---|---|---|
| कपाळ | 'वर बघा, कपाळाला आठ्या पाडा' | उजव्या कपाळावर आठ्या नाहीत |
| डोळा मिटणं | 'डोळे घट्ट मिटा, मला उघडू देऊ नका' | उजवा डोळा मिटत नाही, बुबुळ वर सरकलेलं दिसतं |
| तोंड, गाल | 'दात दाखवा', 'गाल फुगवा' | तोंड डावीकडे ओढलं जातं, उजवीकडून हवा सुटते |
| चव | जीभ बाहेर, कापसाच्या काडीने साखरेचं किंवा मिठाचं पाणी एका बाजूला. उत्तर बोट दाखवून | उजव्या पुढच्या भागावर चव कळत नाही |
| स्टेपीडियस | 'या कानाला मोठे आवाज जास्त बोचतात का?' | उजवीकडे आवाज असह्य होतात |
| अश्रू | 'हा डोळा कोरडा वाटतो का?', गरज पडल्यास शिर्मर पट्टी | उजवा डोळा कोरडा |

चवीच्या तपासणीत उत्तर बोटाने का घ्यायचं? बोलायला जीभ आत घेतली की पाणी दुसऱ्या बाजूला पसरतं आणि तपासणी फुकट जाते. म्हणून कागदावर 'गोड' आणि 'खारट' मोठ्या अक्षरात आधीच लिहून ठेवा आणि रुग्णाला त्यावर बोट ठेवायला सांगा. अश्रूंबाबत एक सावधानता: डोळा मिटत नसेल तर खालची पापणी सैल पडते आणि पाणी गालावर ओघळतं. अश्रू तयार होत असूनही ते आत न जाता बाहेर पडतात. ते पाहून 'अश्रू जास्त' अशी नोंद करू नका.

बाजूची नोंद का हवी, हे सगळ्या नर्व्ह एकत्र ठेवल्या की कळतं. बाराव्या नर्व्हची इजा असेल तर बाहेर काढलेली जीभ इजेच्या बाजूला वळते. पाचवीच्या चावण्याच्या स्नायूंची इजा असेल तर उघडलेला जबडाही इजेच्याच बाजूला सरकतो. दहावीची असेल तर 'आ' म्हणताना पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते. अकरावीचं सर्वांत फसवं: उजवा मानेचा स्नायू चेहरा डावीकडे वळवतो, म्हणून उजवीकडच्या इजेत चेहरा डावीकडे वळवायला जोर पडत नाही. पहिल्या तिघांना एक सूत्र लागू पडतं. जीभ आणि जबडा पुढे ढकलले जातात, म्हणून चांगला स्नायू त्यांना लुळ्या बाजूकडे लोटतो. टाळू वर ओढला जातो, म्हणून चांगला स्नायू त्याला स्वतःकडे खेचतो. हे कारण तळटीप म्हणून लिहा. नुसते बाण काढले तर परीक्षेआधी तेच उलटेसुलटे होतात.

काही तपासण्या दोन नर्व्हच्या मिळून असतात. त्या दोन्ही ओळींत लिहायच्या: एकीत 'संदेश आत नेते', दुसरीत 'हुकूम बाहेर आणते'. बाहुलीवर उजेड टाकला की दुसरी नर्व्ह आत नेते, तिसरी बाहेर आणते. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला कापसाची बारीक वात लावली की पाचवी आत नेते, सातवी बाहेर आणते. घशाला स्पर्श केला की नववी आत, दहावी बाहेर. यात दुसऱ्या बाजूला काय झालं ते बघणं महत्त्वाचं. उजवी सातवी गेलेल्या माणसाच्या उजव्या डोळ्याला वात लावली तर उजवा डोळा मिटणार नाही, पण डावा मिटेल. म्हणजे संदेश आत पोचला आणि पाचवी शाबूत आहे. वात नेहमी बाजूने आणा, समोरून आणली तर माणूस ती बघूनच डोळा मिटतो.

पायरी तिसरी: कारणं जागेप्रमाणे लावा

इथे बहुतेक नोट्स कोलमडतात. 'मधुमेह, ट्यूमर, टीबी, अपघात, स्ट्रोक' ही यादी जवळजवळ प्रत्येक नर्व्हखाली लिहिता येते, त्यामुळे ती काहीच सांगत नाही. त्याऐवजी नर्व्ह मेंदूकडून बाहेर निघते त्या वाटेवर उभ्या पायऱ्या पाडा आणि प्रत्येक पायरीवर दोनतीनच कारणं ठेवा. सोबत लिहा की त्या जागी शेजारचं आणखी काय बिघडतं.

सातवीची वाट अशी. सर्वांत वर मेंदूचा पृष्ठभाग आणि तिथून खाली येणारे तंतू. इथली इजा बहुधा स्ट्रोकची. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून हुकूम मिळतो, म्हणून एका बाजूच्या स्ट्रोकमध्ये आठ्या शाबूत राहतात आणि फक्त चेहऱ्याचा खालचा भाग पडतो. तोही इजेच्या विरुद्ध बाजूला. शेजारी हातापायाची ताकद आणि बोलणं बघा.

मग पॉन्स. इथे सातवीचे तंतू सहावीच्या केंद्रकाभोवती वळसा घालून बाहेर येतात. त्यामुळे अर्धा चेहरा कपाळासकट पडला आणि त्याच बाजूला डोळा वळत नसेल, तर इजा पॉन्समध्ये शोधायची. त्यानंतर सेरेबेलोपॉन्टाइन अँगल. इथे आठवी नर्व्ह खेटून असते आणि पाचवी जवळच, म्हणून कमी होत गेलेलं ऐकू येणं आणि हरवलेला कॉर्नियाचा रिफ्लेक्स या जागेकडे बोट दाखवतात. मुख्य कारण म्हणजे आठवीवरची हळूहळू वाढणारी गाठ.

पुढे टेंपोरल हाडातली अरुंद नळी. इथे बेल्स पाल्सी, कानात फोड आणणारा हर्पिस झोस्टर, कानाचा जुना वाहता आजार आणि हाडाचं फ्रॅक्चर. या नळीत तीन शाखा क्रमाने फुटतात: आधी जेनिक्युलेट गँग्लिऑनपाशी अश्रूंची, मग स्टेपीडियसची, मग चवीची कॉर्डा टिंपनी. शेवटी कवटीबाहेर, पॅरोटिडमध्ये आणि चेहऱ्यावर: पॅरोटिडची गाठ, शस्त्रक्रिया, जखम आणि कुष्ठरोग. कुष्ठरोगात अनेकदा डोळ्याभोवतीच्या स्नायूंची फांदीच पकडली जाते. त्यामुळे डोळा मिटत नाही, पण तोंड फारसं वाकडं नसतं. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात काम करणाऱ्याने ही ओळ गाळू नये.

एक रुग्ण तक्त्यावरून

समजा ३८ वर्षांचा रिक्षाचालक आला. काल सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळालं. संध्याकाळपर्यंत उजवा डोळा मिटेना. हॉर्नचा आवाज उजव्या कानात खुपतो. मधुमेह, रक्तदाब नाही.

सातवीची ओळ वरून खाली चालवा. आठ्या उजवीकडे नाहीत, म्हणजे पहिली पायरी, मेंदूचा पृष्ठभाग, जवळजवळ बाद. हातापायाची ताकद पूर्ण आहे, तेही जुळतं. दोन्ही डोळे दोन्ही बाजूंना नीट वळतात, म्हणजे पॉन्स नाही. ऐकू दोन्ही कानांनी सारखं येतं. उजव्या कॉर्नियाला वात लावली तर डावा डोळा मिटतो, म्हणजे पाचवी ठीक, अँगल नाही. राहिली नळी आणि कवटीबाहेरचा भाग. आवाज खुपतो आणि उजवीकडे साखर कळत नाही. कवटीबाहेरच्या इजेत या दोन्ही गोष्टी शाबूत राहिल्या असत्या, म्हणून इजा नळीत. डोळा कोरडा वाटत नाही, म्हणजे अश्रूंची शाखा फुटल्यानंतर आणि स्टेपीडियसच्या शाखेआधी.

आता कारण. कानाची पाळी, कानाच्या आत आणि टाळूवर फोड आहेत का हे बॅटरी लावून बघायचं. नाहीत. कान वाहत नाही, मार लागलेला नाही, पॅरोटिडवर गाठ लागत नाही. ७२ तासांच्या आत पूर्ण झालेली, बाकी सगळं शाबूत असलेली ही कमजोरी बेल्स पाल्सीची आहे.

स्टेरॉइडचा फायदा पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर मिळतो, म्हणून 'कधीपासून' हा प्रश्न तपासणीच्या रकान्यात सर्वांत वर लिहा. रात्री डोळ्याला मलम आणि चिकटपट्टी, दिवसा कृत्रिम अश्रू. न मिटणारा डोळा कोरडा पडून कॉर्नियाला जखम होते आणि ते नुकसान चेहरा सुधारल्यावरही राहू शकतं.

दोन मर्यादा याच ओळीच्या शेवटी लिहून ठेवा. शाखांवरून नळीतली नेमकी जागा काढणं समजायला उत्तम आहे, पण बेल्स पाल्सीत सूज लांबवर पसरलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात हे गणित नेहमी जुळत नाही. आणि कमजोरी आठवड्यांमागून आठवडे वाढत गेली, किंवा तीन-चार महिन्यांत जराही सुधारली नाही, तर बेल्स हे लेबल काढून गाठ शोधायची.

तिसऱ्या नर्व्हची ओळ: बाहुलीला वेगळी रेघ

तिसरी नर्व्ह पापणी उचलते, डोळ्याचे सहापैकी चार स्नायू चालवते आणि बाहुली आकुंचित करते. ती पूर्ण गेली की पापणी उतरते आणि डोळा खाली-बाहेर वळून राहतो. तक्त्यात बाहुलीला स्वतःची ओळ द्या, इजेचं कारण तिच्यावरून ठरतं. बाहुलीचे तंतू नर्व्हच्या पृष्ठभागावर असतात. बाहेरून दाब आला तर ते आधी चिरडतात आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात नर्व्हच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, गाभा उपाशी राहतो आणि बाहुली बहुधा शाबूत राहते.

म्हणून कारणांच्या रकान्यात लाल शाईने: अचानक डोकेदुखी, उतरलेली पापणी आणि मोठी बाहुली म्हणजे पोस्टिरियर कम्युनिकेटिंग धमनीचा फुगा असू शकतो, त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचं स्कॅन. बेशुद्ध होत चाललेल्या रुग्णात एक बाहुली मोठी होणं म्हणजे मेंदूचा भाग खाली सरकून नर्व्हवर दाब आलेला असू शकतो. बाहुली शाबूत असली तरी निर्धास्त होऊ नये, कारण पापणी आणि डोळ्याचे स्नायू अर्धवटच गेले असतील तर दाब नुकता सुरू झालेला असू शकतो.

या ओळीखाली दोन नकला नोंदवा. पापणी थोडी उतरलेली आणि बाहुली लहान असेल तर ते हॉर्नर सिंड्रोम, तिथे बिघाड सिंपथेटिक तंतूंचा. दिवसभरात वाढत जाणारी, कधी या तर कधी त्या डोळ्याची पापणी आणि नेहमी शाबूत बाहुली, तर मायस्थेनिया. एक मिनिट वर बघायला सांगा, पापणी हळूहळू खाली येते का ते बघा. तिथे नर्व्हला काही झालेलं नसतं.

बाकीच्या ओळी भरताना

पहिल्या नर्व्हसाठी कॉफी, लवंग किंवा साबण, एकेका नाकपुडीला. अमोनिया किंवा बाम वापरू नका, त्यांची झोंबणारी जाणीव पाचवी नर्व्ह देते. चौथीसाठी 'नाकाकडे बघा, आता खाली'. जिना उतरताना एकाखाली एक दोन पायऱ्या दिसतात ही तिची तक्रार, आणि डोक्याला मार हे ठळक कारण. सहावीसमोर एक इशारा: कवटीतला दाब कुठूनही वाढला तरी ती ताणली जाते, म्हणून एकट्या सहावीवरून जागा ठरवू नये. टीबी मेनिंजायटिसमध्ये ती वारंवार सापडते. दहावीत आवाज बसला असेल तर डावीकडची परत वळणारी शाखा छातीत महाधमनीखालून जाते हे लिहा, म्हणजे घशासोबत छातीचा एक्सरे बघणं सुचतं. अकरावीत मानेतली गाठ काढताना झालेली इजा पहिली लिहा.

तळाशी शेजारांची पट्टी

तक्ता पूर्ण झाला की दुसऱ्या कागदाच्या तळाशी चार ओळींची पट्टी ठेवा. एकाच वेळी अनेक नर्व्ह गेल्या तर वरचा तक्ता आडवा वाचून उपयोग नसतो, त्या सगळ्या कुठे एकत्र येतात हे हवं असतं. कॅव्हर्नस सायनस: तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीच्या वरच्या दोन शाखा. ऑर्बिटचं टोक: दुसरी, तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली शाखा. दुसरी सामील असेल, म्हणजे नजर गेली असेल, तर आधी हे टोक. सेरेबेलोपॉन्टाइन अँगल: सातवी, आठवी, मग पाचवी. जुग्युलर फोरामेन: नववी, दहावी, अकरावी.

२०२१ च्या करोना लाटेत महाराष्ट्रातल्या वॉर्डांत म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण आले, त्यांत याच पट्टीच्या पहिल्या दोन ओळी समोर दिसत होत्या. मधुमेह, स्टेरॉइड, नाकाशेजारच्या सायनसमधली बुरशी, मग गाल सुन्न, डोळा हलेना, पापणी उतरलेली, आणि पुढे नजर. अशा रुग्णात तिसरीची ओळ एकटी वाचली तर 'मधुमेह, बाहुली शाबूत' असं वाचून थांबायला होतं. गाल सुन्न आहे, म्हणजे पाचवीची दुसरी शाखाही गेली आहे, हे पट्टीवर बघितलं की एकट्या तिसरीचं कारण पुरत नाही. मग नाकात बॅटरी टाकून काळी खपली शोधायची आणि सायनस व ऑर्बिटचा एमआरआय त्याच दिवशी मागवायचा.

तक्ता तपासून बघायचा असेल तर नर्व्हच्या नावाचा रकाना पट्टीने झाका. मित्राला 'बिघडल्यावर' या भागातली एकच खूण वाचू द्या आणि तुम्ही नर्व्ह, बाजू आणि पुढे बघायची शेजारची एक गोष्ट सांगा. जिथे बाजू सांगता येत नाही त्या खणात बाजू लिहायची राहिलेली असते. तो खण पेन्सिलने गोल करा आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती खूण असलेला रुग्ण शोधून भरा.